विश्लेषण : गरोदरपणात ग्रहणाचे स्वप्न पडले, तर ते नेमके काय सांगते?

चंद्र काळवंडताना दिसणे, सूर्य मावळणे, तारा निखळणे अशी स्वप्ने आपल्याकडे सहसा अशुभ मानली जातात. घरात गरोदर बाई असेल, तर या स्वप्नाची धास्ती दुप्पट होते. जुने ग्रंथ, लोकसमजुती आणि आजचे मानसशास्त्र या स्वप्नाकडे कसे पाहतात, आणि बाळाच्या तब्येतीशी त्याचा काही संबंध असतो का, याचा हा आढावा.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, संपूर्ण भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. रात्री दहाच्या सुमारास चंद्राला स्पर्श झाला, अकराच्या सुमारास तो पूर्ण झाकला गेला आणि पुढची ८२ मिनिटे तांबूस दिसत राहिला. अशा रात्री महाराष्ट्रातल्या अनेक घरांत गरोदर बाईला एका खोलीत स्वस्थ बसवले जाते. चिरायचे नाही, शिवायचे नाही, बाहेर पाहायचे नाही. ग्रहण सुटते, सगळे आंघोळी करून मोकळे होतात. मात्र काही जणींच्या बाबतीत ते तिथे संपत नाही. चार-सहा दिवसांनी तेच ग्रहण स्वप्नात येते आणि मग प्रश्न पडतो, की हा बाळाविषयीचा संकेत तर नाही ना?

लोकसमजुतीत या स्वप्नांचे अर्थ काय?

आकाशातल्या स्वप्नांचा लोकांनी लावलेला अर्थ साधारण एकाच धाग्यावर चालतो. प्रकाश वाढताना दिसला तर शुभ, कमी होताना दिसला तर अशुभ. उगवता सूर्य म्हणजे मान आणि यश, पूर्ण चंद्र म्हणजे सुख आणि घरात लक्ष्मी. चंद्र किंवा सूर्य हातात आला, ओटीत पडला किंवा गिळला, तर भाग्यवान संतती. उलट सूर्याला ग्रहण लागले तर वडिलांना किंवा घरच्या कर्त्या माणसाला पीडा, चंद्राला लागले तर आईला किंवा मनाला. ज्योतिषात सूर्य हा पित्याचा आणि चंद्र हा माता व मन यांचा कारक मानतात, तोच हिशेब इथे उतरला आहे. तारा तुटताना दिसला की कुणीतरी गेले, ही समजूत तर जागेपणीही पाळली जाते.

गरोदर बाईच्या स्वप्नाला आणखी वजन येते, कारण तिचे स्वप्न तिचे एकटीचे मानले जात नाही. जैन परंपरेत महावीरांच्या जन्माआधी त्रिशलामातेला शुभ स्वप्ने पडल्याची कथा आहे. श्वेतांबर परंपरा ती चौदा मानते, दिगंबर परंपरा सोळा, आणि दोन्ही याद्यांत चंद्र आणि सूर्य आहेत. आईच्या स्वप्नात येणारे बाळ दिसते, ही कल्पना अशी फार जुनी आहे. त्यामुळे चंद्र दिसला तर आनंद आणि चंद्र काळवंडला तर भीती, दोन्ही एकाच विश्वासातून येतात.

याच विश्वासाची एक शाखा सांगते की सूर्य दिसला तर मुलगा आणि चंद्र दिसला तर मुलगी. हे भाकीत पुष्कळदा खरे ठरल्याचे सांगितले जाते, यात नवल नाही. बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते आणि दोनच पर्याय असल्याने कोणतेही भाकीत साधारण निम्म्या वेळा बरोबर येणारच. बरोबर आलेले वर्षानुवर्षे सांगितले जाते, चुकलेले बारशाच्या आधीच विसरले जाते.

जुने ग्रंथ प्रत्येक स्वप्नाला फळ आहे, असे म्हणतात का?

नाही, आणि हीच गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात रोग्याच्या स्वप्नांचा विचार आला आहे. तिथे दात, चंद्र, सूर्य, नक्षत्रे, देवता, दिवे आणि डोळे यांचे पडणे किंवा नष्ट होणे हे स्वप्नात वाईट मानले आहे. यादी नीट पाहिली तर तिच्यातले सूत्र कळते. चंद्र, सूर्य, नक्षत्रे, दिवा आणि डोळा यांना जोडणारा धागा उजेडाचा आहे. उजेड जाणे म्हणजे आयुष्य जाणे, अशी ती प्रतिमा आहे.

पण त्याच अध्यायात स्वप्नांचे सात प्रकारही सांगितले आहेत. पाहिलेल्या गोष्टीचे, ऐकलेल्या गोष्टीचे, अनुभवलेल्या गोष्टीचे, मनात इच्छिलेल्या गोष्टीचे, कल्पनेतून आलेले, पुढे घडणाऱ्याची सूचना देणारे आणि शरीरातल्या वातादी दोषांमुळे पडणारे. यांतले पहिले पाच प्रकार निष्फळ आहेत, वैद्याने त्यांचा अर्थ लावू नये, असे चरक स्पष्ट सांगतात. दिवसा पडलेले, फार छोटे किंवा फार लांबलेले स्वप्नही त्यांनी बाजूला काढले आहे. इतकेच नाही, तर वाईट स्वप्नानंतर पुन्हा झोप लागून चांगले स्वप्न पडले तर फळ चांगलेच धरावे, अशी सोयही ठेवली आहे.

म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने ग्रहणाच्या स्वप्नाची धास्ती घेतली जाते, तिनेच आधी चाळणी लावायला सांगितले आहे. दिवसभर ग्रहणाविषयी ऐकले, टीव्हीवर ग्रहण पाहिले, स्वतः ग्रहण पाळले आणि मग स्वप्नात ग्रहण आले, तर ते ऐकलेले, पाहिलेले आणि अनुभवलेले अशा तिन्ही निष्फळ खणांत पडते. मराठीत हेच थोडक्यात सांगितले जाते : मनी वसे ते स्वप्नी दिसे.

दुसऱ्या शतकातल्या आर्टेमिडोरस या ग्रीक स्वप्नपंडिताचा स्वप्नांवरचा मोठा ग्रंथ आज उपलब्ध आहे. स्वप्नाचा अर्थ सांगण्याआधी ते पाहणारा कोण, त्याचा धंदा काय, तो कोणत्या अडचणीत आहे हे विचारावे, असा त्याचा आग्रह होता. सूर्य दिसेनासा होणे त्याच्या मते बहुतेकांसाठी वाईट, पण ज्याला लपून राहायचे आहे त्याच्यासाठी तेच सोयीचे. एका चित्राला सगळ्यांसाठी एकच अर्थ असतो, हे जुन्या जाणकारांनीही मानले नव्हते.

पहाटेचे स्वप्न खरे होते, यात तथ्य किती?

परंपरेत रात्रीच्या प्रहरांवरून फळाचा काळ सांगतात. पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचे फळ वर्षभरात, दुसऱ्याचे सहा महिन्यांत, तिसऱ्याचे तीन महिन्यांत आणि चौथ्याचे महिन्याभरात, असा प्रचलित हिशेब आहे. ग्रंथागणिक त्यात थोडा फरक पडतो. पण पहाटेचे स्वप्न सगळ्यांत जोरकस, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

या निरीक्षणातला अर्धा भाग बरोबर आहे. १९५३ मध्ये शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतला एक वेगळा टप्पा नोंदवला. त्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात. त्याला रेम झोप म्हणतात. सर्वांत ठळक, गोष्टीसारखी स्वप्ने प्रामुख्याने याच टप्प्यात पडतात. रात्रभरात साधारण दर ९० मिनिटांनी हा टप्पा येतो. पहिल्या फेरीत तो काही मिनिटांचाच असतो, पहाटेच्या फेरीत तो अर्ध्या तासापर्यंत लांबू शकतो. शिवाय स्वप्न चालू असतानाच जाग आली तरच ते नीट आठवते, आणि तशी जाग पहाटे येण्याचा संभव सर्वाधिक असतो.

त्यामुळे पहाटेची स्वप्ने लांब, ठळक आणि लक्षात राहणारी असतात, हे खरेच. ती खरी होतात, हा मात्र त्यावर चढवलेला मजला आहे. जे ठळक आठवते ते महत्त्वाचे असणार, असे मनाला वाटते आणि तिथून भाकितापर्यंतचे अंतर फार नसते.

मानसशास्त्र या स्वप्नांकडे कसे पाहते?

सिग्मंड फ्रॉइडच्या १९०० सालच्या स्वप्नमीमांसेच्या पुस्तकात एक कल्पना आहे, जी त्याच्या इतर अनेक कल्पनांपेक्षा जास्त टिकली. स्वप्नाचा कच्चा माल आदल्या दिवसातून येतो. रस्त्यात दिसलेली पाटी, अर्धवट राहिलेले बोलणे, बातमीतले चित्र असे सुटे तुकडे रात्री स्वप्नात येतात. फ्रॉइडने सूर्याचा अर्थ पिता असाही लावला होता. पण ठरावीक वस्तूचा ठरावीक अर्थ, ही पद्धत आजचे संशोधक फारशी वापरत नाहीत.

त्याऐवजी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांनी हजारो स्वप्ने गोळा करून त्यांतली माणसे, जागा, भावना आणि भांडणे मोजायला सुरुवात केली. त्यातून सातत्याचा सिद्धान्त पुढे आला. जागेपणी ज्या गोष्टींची काळजी आणि ओढ असते, त्याच स्वप्नात येतात, असे तो सांगतो. स्वप्न भविष्याचे नसून चालू दिवसांचे असते, आणि त्यात घटनांपेक्षा भावना जास्त प्रामाणिकपणे उतरतात. ग्रहणाच्या स्वप्नात ग्रहण हे निव्वळ चित्र असू शकते. खरी असते ती घबराट, आणि ती घबराट कशाची हा विचारण्याजोगा प्रश्न ठरतो.

आणखी एक निरीक्षण इथे उपयोगी आहे. एखादी घटना त्याच रात्रीच्या स्वप्नात येते, मग काही दिवस दिसत नाही आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा डोकावते, असे काही अभ्यासांत आढळले आहे. ग्रहण होऊन गेले, सगळे विसरले आणि मग अचानक स्वप्न पडले, म्हणून ते संकेतासारखे वाटते. प्रत्यक्षात हा उशीर आठवणींच्या कामकाजाचा भाग असू शकतो.

गरोदरपणात अशी स्वप्ने जास्त का पडतात?

याचे मोठे कारण साधे आहे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, झोप सारखी मोडते. लघवीला उठावे लागते, पायात गोळे येतात, बाळ हलते, कुशीवर नीट पडता येत नाही. जितक्या वेळा जाग येते तितक्या वेळा स्वप्न मध्येच पकडले जाते आणि लक्षात राहते. दुसरे कारण स्वप्नांच्या विषयाचे. गरोदर बायकांच्या स्वप्नांत बाळ, बाळंतपण आणि बाळाला काहीतरी होणे हे विषय वारंवार येतात. बाळ हरवले, बाळ हातातून निसटले, बाळाला दूध पाजायचे विसरले, अशी स्वप्ने जगभर सांगितली जातात. सातत्याचा सिद्धान्त मानला तर यात विचित्र काहीच नाही. नऊ महिने ज्याची काळजी आहे, तेच रात्री येते.

आपल्याकडे या काळजीला चंद्राचे चित्र मिळणे सहज आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, तेही अनेकदा चांदण्यातले, चंद्रकोरीच्या मखरात बसवून. त्याच काळात ग्रहण आले तर तोच चंद्र धोक्याचा होतो. एकाच महिन्यात चंद्र कौतुकाचाही आणि भीतीचाही झाला, तर तो स्वप्नात येणारच.

अशी स्वप्ने बाळंतपण बिघडण्याची खूण आहेत का, हेही तपासले गेले आहे. १९७२ मध्ये कॅरोलिन विंगेट आणि फ्रेडरिक कॅप या अमेरिकी संशोधकांनी पहिलटकरणींच्या स्वप्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ७० जणी होत्या. ज्यांच्या स्वप्नांत भीती आणि काळजी जास्त होती, त्यांच्या कळांचा काळ तुलनेने कमी निघाला. रात्री स्वप्नात भीतीची तालीम झाल्याने प्रत्यक्ष वेळी तयारी झाली असावी, असा त्याचा अर्थ लावला गेला. अभ्यास लहान आणि जुना आहे, त्यामुळे वाईट स्वप्न म्हणजे सुलभ बाळंतपण असे उलटे भाकीत त्यावर उभे करता येणार नाही. पण वाईट स्वप्न म्हणजे वाईट बाळंतपण, या समजुतीला तो आधार देत नाही, एवढे नक्की.

एक उदाहरण उलगडून पाहू

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली पहिलटकरीण आहे. ७ सप्टेंबरला तिला २७ वा आठवडा चालू होता. संध्याकाळपासून ती आतल्या खोलीत होती. टीव्हीवर लाल चंद्र सतत दाखवत होते. मध्येच तिने सफरचंद कापायला सुरी उचलली, तेव्हा सासू ओरडली, ‘‘अगं, ठेव ती खाली. लेकराचा ओठ फाटंल.’’ तिने सुरी ठेवली. सहा दिवसांनी, पहाटे साडेचारला तिला स्वप्न पडले. ती गच्चीवर उभी आहे, चंद्र कडेकडेने काळा होत चालला आहे, हातात विळी आहे आणि ती खाली ठेवताच येत नाही. खालून बाळाचे रडणे ऐकू येते, पण जिना सापडत नाही. छाती धडधडत तिला जाग आली. सकाळी ती म्हणाली, ‘‘आत्या, मला ग्रहणाचं सपान पडलं. बाळाला काय झालं तर नसंल ना?’’

आता हे स्वप्न सुटे करून पाहू. काळा होत जाणारा चंद्र टीव्हीवर पाहिलेला आहे. विळी ही उचललेल्या सुरीची आणि ऐकलेल्या धाकाची सावली आहे. ती खाली ठेवता न येणे म्हणजे आपल्या हातून चूक झाली, ही टोचणी. जिना न सापडणे म्हणजे बाळापर्यंत वेळेत पोचता येईल का, ही पहिलटकरणीची साधी भीती. चरकांच्या चाळणीत हे सगळे पाहिलेले, ऐकलेले आणि अनुभवलेले ठरते. आजच्या भाषेत ती दिवसाची शिल्लक आणि काळजी आहे. सहा दिवसांचा उशीर आणि पहाटेची वेळ, दोन्हींचे कारण वर आले आहेच. या स्वप्नात बाळाच्या शरीराविषयी एकही माहिती नाही. आईच्या मनाविषयी मात्र भरपूर आहे. सुरी उचलल्याबद्दल ती सहा दिवस स्वतःला दोष देत होती आणि ते कोणालाच माहीत नव्हते.

मग ओठ फाटण्याची भीती खरी की खोटी?

ही भीती स्वप्नातून येत नाही, ती जागेपणीच्या समजुतीतून स्वप्नात शिरते. म्हणून तिचे उत्तरही जागेपणीच द्यायला हवे. बाळाचा चेहरा वेगवेगळ्या भागांतून तयार होतो. बाजूचे भाग मध्याकडे सरकतात आणि जुळतात. ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात तयार होतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. हे जुळणे अपुरे राहिले तर ओठ किंवा टाळू दुभंगलेली राहते.

वरच्या उदाहरणात सातवा आठवडा ग्रहणाच्या २० आठवडे आधी, म्हणजे एप्रिलमध्येच उलटून गेला होता. सप्टेंबरात तो ओठ केव्हाच जुळून झालेला होता. जुळलेला ओठ सुरीने, विळीने किंवा सावलीने पुन्हा उसवत नाही. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होणाऱ्या सोनोग्राफीत ओठ पाहता येतो आणि तो अहवाल बहुधा घरातच असतो. टाळूचा दोष मात्र सोनोग्राफीत कधीकधी निसटतो, ही तिची मर्यादा आहे.

ग्रहणाच्या वेळी एखादीला पाचवा-सहावा आठवडा चालू असेल तर? चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. पृथ्वीवर त्यामुळे एकच गोष्ट होते, चांदणे मंदावते. ओठ जुळण्यात अडथळा आणेल असे काही त्यातून येत नाही. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिले तर डोळ्याच्या पडद्याला इजा होते, पण ती गरोदर असो वा नसो, कोणालाही होते.

दुभंगलेल्या ओठामागे अनेकदा आनुवंशिकता असते. आईचे धूम्रपान, गरोदरपणाच्या आधीपासूनचा मधुमेह आणि पहिल्या तिमाहीत घेतलेली फिट्सवरची काही औषधे यांनी धोका वाढतो. फिट्सचे औषध मनाने बंद करणे मात्र त्याहून घातक ठरू शकते, ते डॉक्टरांना विचारूनच बदलायचे. ग्रहणात सुरी लपवणाऱ्या घरात मिश्रीची डबी खिडकीत उघडी असते, हे चित्र महाराष्ट्राला अनोळखी नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गरोदर बाईने हात आखडायचा तर तो त्या डबीपासून.

तरी अनुभव सांगणारे सापडतातच. तेही खोटे बोलत नसतात. दुभंगलेला ओठ किंवा टाळू साधारण हजार जन्मांत एकदा दिसते. भारतात वर्षाला सुमारे सव्वादोन कोटी बाळे जन्मतात, म्हणजे अशी बाळे वीस हजारांच्या आसपास. यांतल्या प्रत्येक आईला, तू ग्रहणात काय केलेस, असे विचारले तर काही जणींना काहीतरी चिरलेले आठवणारच. ज्यांनी चिरले आणि बाळ ठणठणीत निघाले, त्यांना कोणी विचारत नाही. हा दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. ओठाची शस्त्रक्रिया सहसा तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात. आईला दोष देण्यात गेलेले दिवस मात्र परत येत नाहीत.

ग्रहण पाळायचे की नाही, हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे. पण पंचांगातही गरोदर स्त्रिया, मुले, वृद्ध आणि आजारी यांच्यासाठी वेध कमी तासांचे सांगितलेले असतात, हे लक्षात ठेवावे. गरोदरपणातला मधुमेह असेल, इन्सुलिन चालू असेल, तर तासन्‌तास उपाशी राहिल्याने साखर घसरू शकते. तिथे खरा धोका आहे. पाणी तर कोणत्याच कारणाने तोडू नये.

तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडले तर काय करावे?

वाईट स्वप्न कोणाला सांगू नये, वाहत्या पाण्याला किंवा गाईच्या कानात सांगावे, चूळ भरून कूस बदलून झोपावे, असे उपाय आपल्याकडे सांगितले जातात. त्यांतले उठणे, पाणी पिणे, कूस बदलणे हे उपयोगी आहे, कारण त्याने अर्धवट जाग पूर्ण होते आणि स्वप्नाचा धागा तुटतो. न सांगण्याचा सल्ला मात्र तपासून घ्यावा. अर्थ लावून घाबरवणाऱ्याला सांगू नये, इतपत तो ठीक आहे. शांतपणे ऐकणाऱ्याला सांगितल्याने मात्र भार हलका होतो.

वारंवार येणाऱ्या दुःस्वप्नांसाठी मानसोपचारात एक पद्धत वापरली जाते. अमेरिकी डॉक्टर बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत सोपी आहे. दिवसा, पूर्ण जागेपणी, स्वप्न कागदावर थोडक्यात लिहायचे. मग त्यात हवा तो बदल करायचा आणि नवी गोष्ट लिहायची. रोज दहा-वीस मिनिटे डोळे मिटून ती नवी गोष्ट मनात पाहायची. जुने स्वप्न घोटायचे नाही, नवेच पाहायचे.

ग्रहणाच्या स्वप्नासाठी हा बदल शोधायला लांब जावे लागत नाही. ग्रहणाला स्पर्श, मध्य आणि मोक्ष असे टप्पे असतात. भीतीचे स्वप्न बहुधा मध्यालाच तुटते, कारण तिथे दचकून जाग येते. साताऱ्याच्या उदाहरणातली बाई नव्या गोष्टीत एवढेच लिहू शकते : चंद्राची कड पुन्हा उजळली, खालून ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ची हाक आली, विळी गच्चीच्या कठड्यावर ठेवली, जिना समोरच होता, खाली बाळ पाळण्यात झोपले होते. भूतकाळात एखादा मोठा आघात झालेला असेल, मूल गमावलेले असेल, तर हा प्रयोग एकटीने न करता समुपदेशकाच्या सोबतीने करावा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

अधूनमधून पडणारे भीतीचे स्वप्न हा आजार नाही. पण आठवड्यातून अनेकदा तेच स्वप्न पडत असेल, झोपायचीच भीती वाटत असेल, दिवसाही रडू येत असेल, भूक गेली असेल किंवा सतत अघटिताचे विचार येत असतील, तर ते गरोदरपणातल्या नैराश्याचे किंवा चिंताविकाराचे लक्षण असू शकते. तपासणीच्या वेळी झोपेविषयी डॉक्टरांना सांगावे. काही औषधांमुळेही स्वप्ने तीव्र होतात, तेव्हा चालू औषधांची यादी दाखवावी. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी विनामूल्य बोलता येते. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

आणि स्वप्न शुभ असो वा अशुभ, बाळाची हालचाल कमी जाणवली, रक्तस्राव झाला, पाणी गेले, डोके सतत दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर स्वप्नाचा अर्थ विचारत बसू नये. ही लक्षणे जागेपणीची आहेत, आणि त्यांच्यासाठी थेट रुग्णालय गाठायचे असते. पूर्ण चंद्र दिसला म्हणून थांबणे हे काळा चंद्र दिसला म्हणून घाबरण्याइतकेच चुकीचे ठरते.